रूळ किती दबतो? चौथ्या मुळामागची जमीन

फुलंब्रीतून रेल्वे जात नाही. गावाला सर्वात जवळचा रूळ छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे मनमाडहून जालना-परभणीकडे जाणाऱ्या मार्गाचा. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास तो मीटरगेज म्हणून घातला गेला आणि 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाला. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला मंजुरी दिली. तो भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा फुलंब्रीच्या शेजारून जाणार आहे. या सगळ्या पट्ट्यात कपाशीची काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून लोण्यासारखी मऊ होते. अशा जमिनीवरच्या लांबलचक रुळावर एकच चाक उभे केले तर रूळ किती दबेल, किती वाकेल आणि त्याचा परिणाम किती दूर पोचेल, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे उत्तर एका ओळीत मावते. मात्र या उत्तरातला एक आकडा जमिनीवर अवलंबून आहे, आणि खरा वाद त्या आकड्याचाच आहे.

सुरुवात एमिल विंकलर यांच्यापासून करावी लागते. 1867 साली प्राग येथून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी एक धाडसी सोपेपणा केला. त्यांनी असे मानले की जमीन कोणत्याही बिंदूला जेवढी दबते, तेवढ्याच प्रमाणात ती त्या बिंदूला उलट रेटा देते आणि शेजारच्या बिंदूशी तिचा काही संबंध नसतो. रुळाखाली सुट्या सुट्या स्प्रिंगा मांडल्या आहेत असे समजायचे. हे खरे नाही, हे त्या काळीही कळत होते. आपली बाज आठवा. तिच्या मधोमध कोणी बसले की शेजारी बसलेलाही थोडा खाली जातो, कारण सुंभ एकमेकांत विणलेला असतो. माती या बाजेसारखी वागते, पण विंकलरने ती सुट्या स्प्रिंगांसारखी वागते असे मानले. तरीही रुळाच्या बाबतीत ही कल्पना टिकली. का टिकली, हे या लेखात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

1888 मध्ये जर्मनीतील हेरमान त्सिमरमान यांनी रेल्वेमार्गाच्या हिशेबावर पुस्तक लिहून ही कल्पना अभियंत्यांच्या टेबलावर आणली. त्यांच्यासमोर रुळाखाली लांबीच्या दिशेने ठेवलेले स्लीपर होते. आज आपल्याकडचे स्लीपर रुळाला आडवे असतात, पण अंतर कमी असल्याने रुळाला सलग आधार आहे असे मानून चालते. समीकरण असे आहे:

EI w'''' + u w = 0

w म्हणजे रूळ किती दबला, EI म्हणजे रुळाचा वाकायला असलेला विरोध, आणि u म्हणजे ट्रॅक मॉड्युलस. रुळाचा 1 सेंटीमीटर लांबीचा तुकडा 1 सेंटीमीटर दाबायला जेवढे किलो लागतात, तेवढे u. चाकाचा भार P हा x = 0 या ठिकाणी धरला आणि रूळ दोन्ही बाजूंनी अनंत लांब मानला, तर उत्तर मिळते:

w(x) = (Pβ / 2u) e^(−βx) (cos βx + sin βx), x ≥ 0
β = (u / 4EI)^(1/4)

रुळाच्या वागण्याचे सारे मर्म या β मध्ये आहे. 1/β ही एक लांबी आहे आणि भाराचा प्रभाव किती दूर जातो हे तीच सांगते. चाकाखालच्या दबण्याला Pβ/2u आणि बेंडिंग मोमेंटला P/4β एवढेच सूत्र पुरते.

आता आकडे घालू. भारतीय रेल्वेच्या 60 किलोच्या रुळाचा जडत्व-आघूर्ण I सुमारे 3055 सेंटीमीटरचा चतुर्थघात आहे. पोलादाचा E 21 लाख किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरू. मालगाडीच्या एका आसावर 22.8 टन असतील तर एका चाकावर 11.4 टन येतात. लखनौच्या आरडीएसओने ब्रॉडगेजसाठी जे आकडे प्रमाण मानले, त्यांत u चे घट्ट बसलेल्या मार्गासाठीचे मूल्य 300 किलो प्रति सेंटीमीटर प्रति सेंटीमीटर आहे. यावरून 1/β सुमारे 96 सेंटीमीटर येते. चाकाखाली रूळ 2 मिलिमीटर दबतो आणि मोमेंट साधारण 2.7 टन-मीटर होते. स्लीपर 60 सेंटीमीटरवर असतील तर चाकाखालच्या स्लीपरला P चा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी, म्हणजे 31 टक्के भार येतो. उरलेला आजूबाजूचे स्लीपर वाटून घेतात.

चाकापासून पुढे निघालो की मोमेंट 75 सेंटीमीटरवर शून्य होते आणि तिथून पुढे रूळ उलट्या बाजूला वाकतो. 2 मीटर 27 सेंटीमीटरवर दबणेही शून्य होते. त्यापलीकडे सूत्र म्हणते की रूळ मूळ पातळीच्या वर उचलला जातो. 3 मीटरच्या आसपास हे उचलणे सर्वांत जास्त असते, चाकाखालच्या दबण्याच्या 4.3 टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे 0.085 मिलिमीटर. इथे एक शंका येते. सूत्रातल्या स्प्रिंगा रुळाला खाली ओढून धरतात, पण खडी कोणाला ओढते? तिच्यात ताण घेण्याची ताकद नाही. मग हे उत्तर वाया गेले का?

याचे उत्तर वजनात आहे. एका रुळावर येणारा मार्गाचा भार मोजू. रूळ स्वतः दर मीटरला 60 किलो. काँक्रीटच्या स्लीपरचे वजन सुमारे 285 किलो असते. किलोमीटरला 1660 स्लीपर, आणि त्यांतला अर्धा हिस्सा एका रुळाचा, म्हणजे साधारण 237 किलो. मिळून मीटरला 300 किलो, म्हणजे सेंटीमीटरला 3 किलो. आपल्या चाकाने निर्माण केलेली उचल जास्तीत जास्त सेंटीमीटरला 2.6 किलो एवढी आहे. म्हणजे रूळ आणि स्लीपर यांच्या वजनाने आधीच दाबलेली स्प्रिंग फक्त थोडी सैल होते. स्लीपर खडीवरून सुटत नाही आणि सूत्र खरे राहते. मात्र हा फरक थोडा आहे. लाकडी स्लीपर काँक्रीटच्या तुलनेत बरेच हलके असत, त्यामुळे तिथे स्लीपर प्रत्यक्षात उचलला जाई. आजही वेगामुळे भार वाढला किंवा दोन चाकांच्या उचली एकत्र आल्या की हीच अवस्था येते. उन्हाळ्यात लांब वेल्ड केलेल्या रुळाच्या बाबतीत हे धोक्याचे आहे, कारण उचललेल्या स्लीपरला खडीचा आडवा आधार कमी मिळतो आणि तापलेल्या रुळाला बाजूला सरकायला वाट मिळते.

आता जमिनीकडे वळू. u हा जमिनीचा गुणधर्म समजला जातो, पण तो तसा नाही. रुळाखालचा रबरी पॅड, स्लीपर, खडी, मुरमाचा थर आणि खालची माती या सर्व स्प्रिंगा एकापुढे एक जोडलेल्या असतात, आणि अशा साखळीत सर्वांत मऊ कडी निकाल ठरवते. आरडीएसओचा दुसरा आकडा यासाठी महत्त्वाचा आहे. पहिल्या 4 टन चाकभारापर्यंत u फक्त 75 धरायचा, त्यापुढच्या भारासाठी 300. मीटरगेजला हीच सीमा 3 टन आणि आकडे 50 व 250. म्हणजे भार येताना आधी स्लीपरखालची पोकळी मिटते, खडी जागेवर बसते, मग मार्ग ताठ होतो. अमेरिकेत आर्थर टॅलबॉट यांच्या समितीने प्रत्यक्ष मार्गावर मोजमापे केली आणि 1918 पासून त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. रुळाचे सुरुवातीचे दबणे सरळ रेषेत नसते, हे त्यांतूनही दिसले.

या दुभंगलेल्या u चा परिणाम सहज लक्षात येत नाही, म्हणून हिशेब करू. 11.4 टनांतले पहिले 4 टन रुळाला 1.96 मिलिमीटर दाबतात. उरलेले 7.4 टन केवळ 1.28 मिलिमीटर. एकूण 3.24. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या भाराने साठ टक्के दबणूक केली. मालडब्याचे रिकामे चाक साधारण 2.8 टनांचे असते, ते रुळाला 1.4 मिलिमीटर दाबते. भरलेले चाक त्याच्या चौपट जड, तरी दबणे अडीच पटसुद्धा नाही. मार्गावर जाऊन दोन्ही चाकांखाली मोजले आणि दबणेही चौपट निघाले, तर पोकळी फारशी नाही असे समजायचे. अडीच पटच्या आसपास आले, तर स्लीपर खडीवर नीट बसलेले नाहीत. यासाठी गणिताची फारशी गरज नाही. गँगचा मुकादम हेच खडीच्या कडेला साचलेल्या पांढऱ्या भुकटीवरून ओळखतो. स्लीपर दर चाकाला आपटत असतो, खडी झिजते आणि भुकटी वर येते. पावसाळ्यात तिचा चिखल होऊन चाक गेल्यावर खडीतून उसळतो.

आता u ने काय बिघडते ते पाहू. u चौपट कमी झाला, 300 चा 75 झाला, तर मोमेंट किती वाढते? β मध्ये u चे चौथे मूळ आहे, त्यामुळे चौपटीचे चौथे मूळ म्हणजे 1.41. रुळावरचा ताण फक्त 41 टक्के वाढतो. उलट दबणे u च्या पाऊण घाताने वाढते, म्हणजे 2.8 पट. 2 मिलिमीटरचे 5.6 मिलिमीटर. स्लीपरवरचा भार तर कमीच होतो, 31 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर, कारण मऊ जमिनीवर भार अधिक स्लीपरांत वाटला जातो.

माझ्या मते विंकलरचा हिशेब दीडशे वर्षे टिकला तो याच चौथ्या मुळामुळे. रुळाची मजबुती तपासणाऱ्याला u दुप्पट चुकला तरी मोमेंटमध्ये 19 टक्क्यांचीच चूक होते आणि सुरक्षा-गुणांकात ती बुडून जाते. म्हणून अभियंते जमिनीच्या भानगडीत फारसे पडले नाहीत. पण मार्ग सांभाळणाऱ्याला ताण नको, दबणे हवे असते. त्याच्या वाट्याला येणारी चूक 68 टक्के असते. विंकलरच्या सूत्राबद्दलचे वाद यामुळे फुकटचे वाटतात. एक बाजू ताण मोजून ते पुरेसे आहे म्हणते, दुसरी दबणे मोजून ते अपुरे आहे म्हणते, आणि दोघांचेही बरोबर असते.

जाड रूळ घातला तर? 52 किलोच्या रुळाचा I 2158 आहे, 60 किलोच्या जवळजवळ सात दशांश. तरी त्याच जमिनीवर दबणे फक्त 9 टक्के जास्त येते. पुन्हा तेच चौथे मूळ. म्हणजे मऊ जागेवर दबणे कमी करायला जाड रूळ हा उपाय महागडा आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याचा फायदा ताणात होतो, वेल्डच्या आणि रुळाच्या आयुष्यात होतो. दबणे कमी करायचे तर पैसा खाली जायला हवा: खडी स्वच्छ करणे, पॅकिंग, मुरमाचा जाड थर, पाण्याचा निचरा.

काळ्या मातीत याला एक खास अडचण आहे. तिथे u हा ऋतूनुसार बदलतो. मे महिन्यात कडक झालेली माती ऑगस्टमध्ये वेगळी असते. उदाहरणासाठी समजा 300 चा 150 झाला. ताणाचा हिशेब 19 टक्क्यांनी सरकतो आणि कोणाला कळतही नाही. दबणे 1.7 पट होते. मात्र सगळीकडे सारखे दबले असते तर चाकाला काय फरक पडला असता? ते खड्ड्यातूनच चालते आणि खड्डा त्याच्याबरोबर चालतो. त्रास होतो तो u बदलतो तिथे. समजा मोरीच्या काँक्रीटवर रूळ 2 मिलिमीटर दबतो आणि लगतच्या काळ्या मातीच्या भरावावर u 75 पर्यंत उतरल्याने 5.6. मोरीशी येताना चाकाला 3.6 मिलिमीटर चढावे लागते, तेही 1/β च्या लांबीत, म्हणजे मीटर-दीड मीटरच्या आत. सूत्रातून ही लांबी थेट मिळते. चाक तिथे धक्का देते, धक्क्याने भराव आणखी बसतो, आणि u तिथे आणखी घसरतो. पुलाजवळच्या रुळाला नेहमी पॅकिंग लागते त्याचे कारण हेच. म्हणून मोरीच्या दोन्ही बाजूंना भराव क्रमाक्रमाने ताठ करत न्यावा लागतो आणि त्या पट्ट्याची लांबी 1/β च्या अनेक पट असावी लागते.

एका चाकाचा हिशेब कळला की गाडीचा हिशेब बेरजेचा. मालडब्याच्या बोगीत चाके 2 मीटरवर असतात. u 300 असेल तर शेजारच्या चाकामुळे दबणे फक्त 5 टक्के वाढते आणि मोमेंट 17 टक्क्यांनी घटते, कारण तिथे पहिल्या चाकाने रूळ उलट वाकवलेला असतो. u 75 असेल तर दबणे 25 टक्क्यांनी वाढते. मऊ जमिनीवर चाके एकमेकांच्या खड्ड्यात उतरतात, हे रिकाम्या जागी एकच चाक उभे करून कळत नाही.

u मोजायचा कसा? सर्वांत सरळ मार्ग संतुलनाचा आहे. चाकाने जेवढा भार दिला तेवढाच जमिनीने परत दिला पाहिजे. म्हणून P ला दबण्याच्या खड्ड्याच्या क्षेत्रफळाने भागले की u मिळतो, EI माहीत असण्याचीही गरज नाही. आपल्या उदाहरणात चाकाखाली 2.0, आणि एका बाजूला स्लीपरांवर 1.5, 0.7, 0.2 मिलिमीटर असे वाचन येईल. दुसरी बाजू तशीच. बेरीज 6.8 मिलिमीटर, ती 60 सेंटीमीटरच्या अंतराने गुणून सुमारे 41 चौरस सेंटीमीटर. 11,400 ला यानेच भागले की 280 येतात, खरे 300. वीस कुठे गेले? चाकापासून दूरची उचल मोजलीच नाही. ती कणभर असली तरी तिची लांबी मोठी आणि तिचे चिन्ह उलटे, म्हणून ती वजा होते आणि क्षेत्रफळ कमी होऊन u वाढतो. केवळ चाकाखालच्या एका वाचनावरून u काढला तर तिथली दहा टक्क्यांची चूक u मध्ये साधारण चौदा टक्के होऊन बसते.

विंकलरवरील खरा आक्षेप बाजेचाच आहे. मोरिस बिओ यांनी 1937 मध्ये अनंत तुळई अखंड लवचीक जमिनीवर ठेवून हिशेब केला. तिथे u हा जमिनीसोबत तुळईच्या वाकण्याच्या लांबीवरही अवलंबून असल्याचे दिसले. म्हणजे u हा केवळ जमिनीचा आकडा उरत नाही. मिक्लोश हेतेन्यी यांचे 1946 चे पुस्तक अजून हिशेबांचा कोश म्हणून वापरले जाते. 1954 च्या सुमारास पास्तेरनाक यांनी स्प्रिंगांच्या वर एक कातर झेलणारा थर धरला, म्हणजे सुंभ विणायचा प्रयत्न केला. रुळाच्या ताणासाठी या सुधारणांनी आकडे थोडेच हलले. दोन स्लीपरांमध्ये, त्यांच्या शेजारच्या मातीत काय होते ते मात्र विंकलर अजिबात सांगू शकत नाही.

तो चुकतो हे ठळकपणे वेगाच्या बाबतीत कळले. स्प्रिंगांच्या जमिनीवर धावणाऱ्या भारासाठीही एक मर्यादा-वेग येतो. त्या वेगाला चाक रुळातल्या लाटेला गाठते. आपल्या 300 च्या मार्गासाठी तो ताशी हजार किलोमीटरच्या वर निघतो, त्यामुळे कोणी काळजी करत नसे. पण 1997 च्या सुमारास स्वीडनमधील लेड्सगार्डजवळ, मऊ चिकणमातीवरच्या मार्गावर, ताशी 200 किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या एक्स-2000 गाडीमुळे भराव अनपेक्षितपणे हलू लागला. सूत्राला तिथे लाट दिसलीच नव्हती, कारण ती लाट रुळातली नव्हती. ती मातीच्या पृष्ठभागावरून जाणारी होती, आणि सुट्या स्प्रिंगांत ती असूच शकत नाही. आपल्याकडे जालना-जळगाव मार्गावर अशा वेगाचा प्रश्न उद्याचा नाही. तिथला प्रश्न आधी सांगितलेलाच आहे: भोकरदन-सिल्लोडच्या काळ्या मातीत मुरूम किती घालायचा, पाणी कुठून काढायचे, आणि मोरीच्या दोन्ही बाजूंना किती मीटर जमीन ताठ करायची.

या मार्गासाठी एकदाच, कोरड्या हंगामात मोजलेला u पुरेसा नाही. रिकाम्या आणि भरलेल्या डब्याखाली, मे महिन्यात आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्याच खुणेवर अशी चार वाचने घ्यावीत. पोकळीचा आणि मातीचा वाटा वेगवेगळा कळायला तेवढे लागतेच.